पहिल्या संदेशात समोरच्याला बोलायला जागा ठेवा

‘मी एकोणतीस वर्षांचा आहे, मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. हिंज आणि बंबल ही दोन डेटिंग अ‍ॅप वापरतो. मॅच होतात, मी “हाय, कशी आहेस?” असे लिहितो, समोरून “मस्त, तू?” असे येते आणि दोन-तीन ओळींत सगळे थांबते. मित्राने सुचवलेली एक चटकदार ओळही पाठवून पाहिली, तिला तर उत्तरच आले नाही. आता हिंजवर एका मुलीची प्रोफाइल समोर आहे आणि ती खरोखर आवडल्यामुळे मी अजून काहीच पाठवलेले नाही. एका फोटोत ती हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथी झोपून खाली डोकावते आहे, दुसऱ्यात तिच्या हातात एक फुटका, कळ्या बिघडलेला मोदक आहे. “माझा रविवार” या प्रश्नाखाली तिने लिहिले आहे, “सकाळी पर्वती, मग मिसळ, मग संध्याकाळपर्यंत कोणाशीही बोलणं नाही.” “या विषयावर मी भांडू शकते” याखाली लिहिले आहे, “मिसळीबरोबर ब्रेडच. पाव नाही.” सगळे मराठीत, पण रोमन लिपीत. मी ट्रेक करत नाही, शाळेच्या सहलीनंतर गडावर गेलेलो नाही. हिला मी काय लिहू?’
— एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

तुमचा संदेश तिच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचणार आहे, हे आधी डोळ्यांसमोर आणा, कारण काय लिहावे याचे निम्मे उत्तर त्यातच आहे. हिंजवर आपण एखाद्या संपूर्ण प्रोफाइलला पसंती देत नाही, तर तिच्यातील एका विशिष्ट फोटोला किंवा एका विशिष्ट उत्तराला देतो, आणि त्या पसंतीसोबत एक टिप्पणी जोडता येते. तुमची टिप्पणी तिला त्याच फोटोच्या किंवा उत्तराच्या सोबत दिसते आणि मॅच करायचे की नाही, हे ती त्यानंतर ठरवते. टिंडरवर आधी दोघांची पसंती जुळते आणि मग लिहिता येते, त्यामुळे तिथला पहिला संदेश निदान उघड्या दारातून आत जातो. हिंजवर मात्र ती टिप्पणीच दार ठोठावण्याचे काम करते. तिच्याकडे त्या दिवशी आलेल्या इतर पसंत्यांच्या रांगेत तुमचीही एक असेल आणि त्या रांगेतील बऱ्याच जणांनी काहीही लिहिलेले नसेल किंवा ‘हाय’ एवढेच लिहिलेले असेल. ‘हाय’ लिहिणाऱ्यावर तिचा राग असतो असे मुळीच नाही. त्याला उत्तर द्यायचे तर विषय तिला शोधावा लागतो, म्हणजे ओळख करून घेण्याची इच्छा तुमची आणि श्रम तिचे, अशी वाटणी होते. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाचेही तेच आहे. ओळखीच्या माणसाने तो विचारला तर त्यामागे मागचा संदर्भ असतो. अनोळखी माणसाने विचारला तर त्याचे ‘मस्त’ याखेरीज दुसरे सभ्य उत्तर देता येत नाही, आणि तुम्हाला नेमके तेच मिळत आले आहे.

या बाबतीत एक जुनी पाहणी अजूनही उपयोगी पडते. ओकेक्युपिड या अमेरिकी डेटिंग संकेतस्थळाने 2009 साली आपल्याकडील पाच लाखांहून अधिक पहिले संदेश तपासून कोणत्या शब्दांना उत्तरे येतात, हे प्रसिद्ध केले होते. इंग्रजीतील ‘हाय’, ‘हे’, ‘हॅलो’ अशा ठरावीक अभिवादनांना सरासरीपेक्षा कमी उत्तरे येत होती, इतकी की अभिवादन न करता थेट विषयाला हात घातलेला बरा, असा त्याचा अर्थ निघत होता. रूपाची स्तुती करणारे शब्द उत्तरांचे प्रमाण घटवत होते, आणि ‘तू लिहिलं आहेस की’, ‘माझ्या लक्षात आलं की’ अशा अर्थाचे, प्रोफाइल वाचल्याचा पुरावा देणारे शब्द ते वाढवत होते. ती पाहणी संगणकासमोर बसून लांबलचक पत्रे लिहिण्याच्या काळातील आहे आणि तिथली माणसे पुण्यातील नव्हेत, म्हणून तिचे आकडे इथे लावू नयेत. कारण मात्र तेच राहते. आपले वाचून कोणीतरी लिहिले आहे, हे कळताच उत्तर द्यावेसे वाटते.

तुमच्या मित्राची चटकदार ओळ का पडली, तेही यातूनच कळते. तशी ओळ कितीही हुशारीची असली तरी ती कोणालाही पाठवता येते, आणि अ‍ॅपवर काही महिने काढलेल्या मुलीने ती किंवा तिची बहीण आधी वाचलेली असते. शिवाय त्या ओळीत बोलणारा सादरकर्ता होतो आणि ऐकणारीला टाळी वाजवण्याखेरीज काम उरत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी स्वतःशी एक तपासणी करा. हाच संदेश एक शब्दही न बदलता दुसऱ्या दहा जणींना पाठवता येईल का? येत असेल तर तो पुसावा.

आता हातातील प्रोफाइलकडे येऊ. तिने तुम्हाला चार जागा दिल्या आहेत: कडा, मोदक, रविवार आणि ब्रेड. यांतील कोणती निवडायची हा निर्णय वाक्यरचनेपेक्षा महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात. कोकणकड्याचा फोटो सर्वांत देखणा असल्यामुळे बहुतेकांचे लक्ष तिथे जाणार आणि ‘वॉव, ट्रेकिंग! मलाही आवडतं’ या अर्थाच्या टिप्पण्या तिला सर्वाधिक येत असणार. तुम्ही ट्रेक करत नाही. आवड उसनी आणली तर तिचा पुढचा प्रश्न ‘पाचनईकडून गेला होतास की खिरेश्वरहून?’ असा येईल आणि दुसऱ्याच ओळीला तुम्ही उघडे पडाल. तरीही कडा सर्वस्वी वर्ज्य आहे असे नाही. ज्याला गडाची सवय नाही त्याने तसे सरळ सांगून विचारलेला प्रश्न उलट ताजा वाटतो: ‘मी ट्रेक करत नाही आणि उंचीला घाबरतो, म्हणून हा फोटो दोनदा पाहिला. पालथं झोपल्यावर खाली डोकावायचा धीर व्हायला किती वेळ लागला?’ या प्रश्नाला उत्तर फक्त तीच देऊ शकते, ते एका ओळीतही देता येते, आणि मनात आले तर त्या दिवसाची गोष्टही सांगता येते. हा पर्याय राखून ठेवा.

मोदकाचा फोटो मला स्वतःला सर्वांत आवडला. सुबक मोदकांचे ताट सोडून जिने फुटका मोदक दाखवला, तिला स्वतःवर हसता येते. पण त्याच कारणाने तिथे पाय जपून टाकावा लागतो. ती स्वतःवर हसते याचा अर्थ अनोळखी माणसाने पहिल्याच ओळीत तिच्यावर हसावे असा होत नाही, आणि ‘मोदक आहे की मोमो?’ हा विनोद तिने आजवर किती जणांकडून ऐकला असेल, याची कल्पना करा. तो फोटो ओळख झाल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशी काढण्याचा विषय आहे.

रविवारच्या उत्तरात ‘संध्याकाळपर्यंत कोणाशीही बोलणं नाही’ ही ओळ सर्वांत खासगी आहे, म्हणून सर्वांत आकर्षकही. परंतु ‘का बोलत नाहीस?’ असा प्रश्न चौकशीसारखा लागतो आणि ‘मीही तसाच आहे’ एवढे म्हटले तर संभाषण न बोलण्यावरच संपते. त्याच उत्तरात एक धोकाही आहे, जो मुलग्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘पर्वतीला किती वाजता जातेस? मीही जातो’ ही ओळ लिहिणाऱ्याला अगदी निरागस वाटते, पण वाचणारीला त्यातून एवढेच दिसते की, एका अनोळखी पुरुषाला ती ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणी केव्हा सापडेल हे जाणून घ्यायचे आहे. पहिल्या संदेशात कुठे आणि केव्हा हे दोन प्रश्न एकत्र येऊ देऊ नका. राहण्याचा भाग, कार्यालयाचे ठिकाण, व्यायामशाळेची वेळ हे सारे त्यातच मोडते.

राहता राहिला ब्रेड, आणि माझ्या मते तुमची जागा तीच. याचे कारण मिसळ हा लोकप्रिय विषय आहे हे नव्हे. लोकप्रिय असल्यामुळे त्यावर इतरही बरेच जण लिहिणार, हा खरे तर त्या विषयाचा तोटाच आहे. पण तुम्ही नाशिकचे आहात. नाशिकला मिसळीबरोबर पाव मिळतो, तर पुण्यात आणि कोल्हापुरात जुन्या ठिकाणी ब्रेडचे स्लाइस ताटलीत येतात. तिने ज्या बाजूविरुद्ध भांडायची तयारी दाखवली आहे, त्या बाजूचा खराखुरा माणूस तुम्ही आहात, आणि हे इतर टिप्पणी करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच म्हणता येईल. प्रोफाइलमधील जागा निवडताना ‘यातील सर्वांत चांगले काय?’ असे न विचारता ‘यातील कशावर माझ्याकडे माझे असे काही सांगण्यासारखे आहे?’ असे विचारावे. त्याचे उत्तर प्रत्येक माणसागणिक वेगळे येते, आणि म्हणूनच एकाचा संदेश दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

जागा ठरली की मसुदा करा. पहिला प्रयत्न बहुधा असा उतरेल: ‘मिसळ मलाही खूप आवडते! पुण्यात सगळ्यात भारी मिसळ कुठे मिळते?’ हा ‘हाय’पेक्षा पुष्कळ बरा आहे, पण यातील प्रश्न तिला उद्देशून नाही. पुण्यातील कोणीही त्याचे उत्तर देऊ शकतो. ती एका उपाहारगृहाचे नाव लिहील, तुम्ही ‘ओके, ट्राय करतो’ लिहाल आणि पुन्हा तीच शांतता. असा प्रश्न आधीच ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पाठवण्यापूर्वी तिचे संभाव्य उत्तर तुम्हीच लिहून पाहा. ते एका शब्दाचे किंवा एका नावाचे निघाले आणि त्यापुढे तुम्हाला काय लिहिता येईल हे सुचेना, तर प्रश्न चुकला आहे.

दुसरा प्रयत्न कदाचित उलट टोकाला जाईल: ‘तुझ्या मते अन्नाचा आणि माणसाच्या ओळखीचा संबंध काय आहे?’ हसू नका. अशा धाटणीचे प्रश्न मला वाचकांनी दाखवलेल्या संदेशांत नेहमी आढळतात, कारण कोणीतरी त्यांना खुले प्रश्न विचारावेत असे सांगितलेले असते. प्रश्न खुला असावा हे खरे, पण तो लहानही असावा. ती संदेश कदाचित बसमध्ये उभी राहून किंवा जेवणाच्या सुट्टीत वाचणार आहे, आणि निबंध मागणारा प्रश्न ‘निवांत उत्तर देऊ’ म्हणून बाजूला ठेवला जातो आणि तसाच राहतो.

तिसऱ्या प्रयत्नात पुष्कळ जण खोड काढण्याच्या नादात घसरतात: ‘ब्रेड? सीरियसली? मिसळ कळत नाही वाटतं तुला.’ भांडणाचे आमंत्रण तिनेच दिले असले तरी ते गमतीचे आहे, आणि अक्षरांतून आवाजाचा सूर पोहोचत नाही. ज्याचा चेहरा आणि हसू तिने कधी पाहिलेले नाही, त्याने लिहिलेले ‘तुला कळत नाही’ तिला जसेच्या तसे लागेल. थट्टा करायची तर स्वतःच्या पावाची, आपल्या बाजूच्या हट्टाची करावी.

हे सगळे टाळून मी तुमच्या जागी असते तर त्या ब्रेडच्या उत्तराला पसंती देऊन, तिच्यासारखेच रोमन लिपीत असे लिहिले असते:

‘मी नाशिकचा, म्हणजे जन्मापासून पावाच्या पार्टीत. पाव सँपल पिऊनही हातात टिकतो, ब्रेडचा वाटीतच लगदा होतो, हा आमचा मुख्य मुद्दा. तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा कोणता?’

यात तीन वाक्ये आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. पहिले वाक्य तुमच्याविषयी एक खरी, लहानशी माहिती देते. ती तिच्या उत्तराशी जोडलेली असल्यामुळे आत्मपरिचयासारखी वाटत नाही आणि नाशिकविषयी काही विचारण्याची सोयही तिच्यासाठी करून ठेवते. दुसऱ्या वाक्यात तुम्ही आपले मत आधी टेबलावर ठेवता. हे वाक्य बहुतेक जण गाळतात आणि नुसता प्रश्न पाठवतात. नुसता प्रश्न आला की समोरच्याला आपली मुलाखत चालली आहे असे वाटू लागते. तुम्ही स्वतः काही बोलून मग विचारले तर तिला हात धरायला दोन जागा मिळतात: प्रश्नाचे उत्तर द्यावे, किंवा प्रश्न सोडून लगद्यावर हरकत घ्यावी. तिसरे वाक्य प्रश्न आहे आणि तो एकच आहे. एका संदेशात दोन प्रश्न विचारले की सोप्याचे उत्तर येते आणि दुसरा विरून जातो. ‘तुमच्या बाजूने’ हा शब्दप्रयोग ब्रेडवाल्यांच्या पक्षाला उद्देशून आहे. तिला एकटीला संबोधताना समवयस्क म्हणून ‘तू’ लिहायला हरकत नाही. अ‍ॅपवर ‘आपण काय करता?’ असे आले की कांदेपोह्यांच्या बैठकीचा वास येतो. तिच्या प्रोफाइलवरचे वय तुमच्यापेक्षा बरेच जास्त असते, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

लांबीविषयी काळजी करू नका. मिशिगन विद्यापीठातील एलिझाबेथ ब्रूच आणि मार्क न्यूमन यांनी न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो आणि सिअ‍ॅटल या शहरांतील एका डेटिंग संकेतस्थळावरील संदेशांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की आपल्यापेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यक्तीला लिहिताना लोक संदेश लांबवतात, पण त्याचा फायदा जवळपास होत नाही. अपवाद सिअ‍ॅटलचा होता, आणि तो पुण्याला लागू करण्याचे मला काही कारण दिसत नाही. आवडलेल्या व्यक्तीपुढे अधिक लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तुम्ही तर अजून काहीच पाठवलेले नाही, म्हणजे तुमच्या डोक्यात एव्हाना तीन परिच्छेद तयार असतील. ते तिथेच राहू द्या. फोनच्या पडद्यावर न सरकवता वाचता येईल इतके पुरे.

काही प्रश्न असे आहेत की ते आपल्याकडे सहज विचारले जातात आणि म्हणूनच त्यांचा वेगळा उल्लेख करते. आडनाव काय, मूळ गाव कोणते, घरी कोण कोण असते, ‘म्हणजे तुम्ही कोण?’ हे प्रश्न पहिल्या संदेशात आले की ती जातीची विचारपूस मानली जाते, आणि बहुतेक वेळा ती असतेही. अ‍ॅपवर अनेक मुली केवळ पहिले नाव ठेवतात ते काही विसरभोळेपणाने नव्हे. तुम्ही स्वतः नाशिकचे असल्याचे सांगता तेव्हा ती तुमची माहिती असते. ‘तू मूळची कुठली?’ असे विचारता तेव्हा तिच्याकडून मागणी होते, आणि या दोहोंतील अंतर वाचणारीला चटकन जाणवते. नोकरी, पॅकेज आणि लग्नाचा विचार कधी, हे प्रश्नही विवाह मंडळाच्या फॉर्मवर शोभतात. रूपाच्या स्तुतीबद्दल वर आले आहेच, त्यात एवढीच भर घालते की तुम्ही पसंती दिली म्हणजे ती आवडली हे तिला कळलेले असते. ते पुन्हा लिहिण्यात ती ओळ वाया जाते.

समजा, तिचे उत्तर आले: ‘पाव खाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मला त्यांची दया येते.’ इथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण पहिला संदेश चांगला लिहून दुसऱ्या ओळीत पुन्हा ‘हाहा, बाकी काय चाललंय?’ वर येणारे फार असतात. त्या ‘बाकी काय’ने तुम्ही जिथून निघालात तिथेच परत पोहोचता. मिसळीचा वाद पुढे रेटायचाही नाही, कारण पाव आणि ब्रेड यांवर चार ओळींपेक्षा जास्त कोणी बोलू शकत नाही. तिने जे म्हटले त्यालाच धरून प्रश्न पदार्थाकडून माणसाकडे वळवावा: ‘दया स्वीकारली. पण हा कडवेपणा घरातून आला की कॉलेजच्या कट्ट्यावरून?’ आता ती एक तर वडिलांबरोबर लहानपणी मिसळ खायला जायची ती गोष्ट सांगेल, किंवा कॉलेजातील टोळीची. दोन्हींत तुम्हाला पुढे विचारण्यासारखे काही ना काही सापडेल. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधी द्या. तिचा प्रश्न ओलांडून आपला पुढचा प्रश्न टाकणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि जो करतो त्याच्या ती ध्यानातही येत नाही.

बंबलवर तुमची भूमिका निराळी आहे. तिथे स्त्री-पुरुषांच्या मॅचमध्ये सुरुवात करण्याचा अधिकार स्त्रीकडे ठेवलेला आहे. 2024 पासून तिला एक प्रश्न आधीच लावून ठेवता येतो आणि मॅच झालेल्या पुरुषाने त्याचे उत्तर देऊन सुरुवात करायची असते. तो प्रश्न बहुधा सगळ्यांना सारखाच असतो, म्हणून तिथे प्रश्न सुचण्याची अडचण नसते, उत्तर वेगळे देण्याची असते. ‘स्वप्नातील सुट्टी कोणती?’ याला ‘मनाली’ असे लिहिले की तुम्ही रांगेत मिसळून जाता. ‘आजोळी, लासलगावला, मे महिन्यात, जेव्हा कांद्याच्या चाळीत शिरायला कोणी ओरडत नसे’ असे लिहिले की तिला काही दिसते. त्यापुढे तिच्या प्रोफाइलमधील एका गोष्टीला धरून एक प्रश्न जोडा. तिथे उत्तर देण्यासाठी असलेल्या चोवीस तासांच्या मुदतीमुळे घाईत ‘हाय’ लिहून मॅच वाचवण्याचा मोह होतो, तो टाळा.

काही प्रोफाइल अशा असतात की त्यांत धरण्यासारखे काहीच नसते: चार सेल्फी, आणि उत्तरांच्या जागी ‘विचार म्हणजे कळेल’. तिथे प्रतिभा खर्चू नये असे माझे मत आहे. फोटोच्या मागच्या भिंतीवरील पुस्तकांचे कपाट किंवा कोपऱ्यातील मांजर दिसले तर त्यावर लिहा, नाही तर पुढे जा. आणि हीच कसोटी एकदा स्वतःच्या प्रोफाइललाही लावा. तुमची टिप्पणी वाचून ती आधी तुमचीच प्रोफाइल उघडणार आहे. तिथे ‘फूडी, ट्रॅव्हल, म्युझिक’ एवढेच असेल, तर सँपलवर इतक्या आत्मीयतेने लिहिणारा माणूस तो हाच का, असा प्रश्न तिला पडेल. नाशिक आणि पाव हे तिथेही कुठेतरी असू द्या.

संदेश पाठवल्यावर उत्तर न येण्याची शक्यता नेहमीच अधिक असते, चांगला लिहिला तरीही. तिने अ‍ॅप उघडणे सोडले असेल, कोणाशी तरी बोलणे जमले असेल, किंवा तुमचा फोटो तिला आवडला नसेल. यांतील एकही कारण तुमच्या वाक्यांवरून दुरुस्त होणारे नाही. हिंजवर मॅच होईपर्यंत तुम्हाला दुसरे काही लिहिता येत नाही, हे त्या अ‍ॅपने तुमच्यावर केलेले उपकारच आहेत. जिथे लिहिता येते, तिथे आधी मॅच होऊन संभाषण मध्येच थांबले असेल तर आठवड्याभराने एकच ओळ पाठवावी, तीही नवी गोष्ट घेऊन: ‘आज नाइलाजाने ब्रेडबरोबर मिसळ खाल्ली. मत बदललेलं नाही, पण तुझी आठवण झाली.’ ‘??’, ‘बिझी का?’, ‘उत्तर तरी दे’ यांपैकी काहीही पाठवू नये. ती ओळही अनुत्तरित राहिली तर तिचे नाव यादीत तसेच राहू द्या आणि तिला इन्स्टाग्रामवर शोधायला जाऊ नका.